वाचनाची आवड आणि तीन स्टॉप

प्रिय मित्रा,

तुझं डेटिंग प्रोफाइल वाचलं. फोटो छान आहेत, पण तिन्ही प्रश्नांची उत्तरं कुणाच्याही प्रोफाइलवर खपून जातील अशी आहेत. ‘मला वाचायला आवडतं’ हे वाक्य तुझ्या मित्राने आपल्या नावावर लावलं, तर कुणाला फरक कळेल का?

हिंज या डेटिंग ॲपवर समोरची व्यक्ती तुझ्या एखाद्या उत्तराला धरून तुला लिहू शकते. ‘वाचायला आवडतं’ यावर ती काय लिहिणार? ‘मलाही’, आणि मग दोघंही गप्प.

म्हणून हेच उत्तर घेऊन बसू. आवड बाजूला ठेव आणि वाचनापायी तू शेवटचं काय केलंस ते आठव. त्या दिवशी बसचा किस्सा तूच मला सांगितला होतास. तो असा लिहिता येईल:

‘पुस्तकाची शेवटची वीस पानं उरली होती म्हणून बसमधून उतरलोच नाही. तीन स्टॉप चालत परत आलो. खुनी मात्र मी भलताच धरला होता!’

यात ‘वाचन’ हा शब्दही नाही, तरी तू कसा वाचतोस ते दिसतं. रहस्यकथा आवडतात हे कळतं, आणि स्वतःची चूक तू हसत सांगतोस हेही. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते भलत्यालाच खुनी ठरवणं, कारण वाचणारी लगेच विचारेल, ‘कोणतं पुस्तक? तुझा संशय कुणावर होता?’ तिच्या हाती प्रश्न आला की पहिला निरोप लिहिणं तिला सोपं जातं.

हिंजवर एका उत्तराला दीडशेच अक्षरं मिळतात, आणि मराठीत काना-मात्राही बहुधा वेगळ्या मोजल्या जातात. तेव्हा ‘एकदा काय झालं’ अशी प्रस्तावना नको. थेट प्रसंगात शीर आणि एकच क्षण सांग. जागा उरली म्हणून शेवटी ‘असा मी पुस्तकवेडा!’ असं जोडायचा मोह होईल. ते खोडून टाक. तिने स्वतः काढायचा निष्कर्ष तू आधीच सांगितलास, तर तिला विचारायला काही उरत नाही.

प्रसंग खरा हवा, कारण भेटीत पहिला विषय तोच निघेल आणि रचलेल्या गोष्टीचे तपशील दुसऱ्याच प्रश्नाला संपतात. बसचा नंबर, स्टॉपचं नाव, ऑफिस मात्र लिहू नकोस. तू रोज कुठे उतरतोस हे अनोळखी माणसांना कळायची गरज नाही.

तिन्ही उत्तरांत किस्सेच हवेत असंही नाही. तुला कसं नातं हवंय, या प्रश्नाला सरळ, स्पष्ट उत्तर दे. तिथे गोष्ट सांगत बसलास, तर विषय टाळतोयस असं वाटेल.

लिहून झालं की आठवडाभर येणारे निरोप बघ. नुसतं ‘हाय’ येत राहिलं, तर उत्तरात धरायला काही नाही असं समज आणि दुसरा प्रसंग शोध. मला वाटतं, गिटार शिकायला लागलास तेव्हा शेजारच्या लहान मुलीने दार वाजवून जे विचारलं होतं, ते लिहून बघ.

तुझा,
दादा