काचेच्या बरण्या न फुटता पोचवायच्या, तर खोकं किती मोठं घ्यावं आणि पैसे कुठे वाचवावेत?

प्रश्न : लातूरहून पुण्या-मुंबईला काचेच्या बरणीतलं लोणचं कुरियरने पाठवते. अर्धा किलोच्या चार बरण्या एका खोक्यात असतात. मधूनमधून एखादी फुटतेच. बबल रॅप वाढवला तर परवडत नाही. काय करू?

उत्तर :

ताई, बबल रॅपकडे नंतर येऊ. आधी खोक्याचं माप घ्या, कारण पैसे तिथेच जातात किंवा वाचतात.

बरेच कुरियरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं आणि दुसरं खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची बाहेरून सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि 5000 ने भागायचं. जे वजन जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. (काहींचा भाजक वेगळा असतो, तेवढं विचारून घ्या.)

तुमची भरलेली बरणी साधारण 800 ग्रॅमची धरू. चार बरण्या, खोकं आणि रद्दी मिळून 3.9 किलोच्या आसपास जाईल. खोकं 28 × 28 × 25 घेतलं तर आकाराचं वजन 3.92 येतं, म्हणजे जवळपास तेवढंच. इथपर्यंतची आतली मोकळी जागा तुम्हाला फुकट मिळते. दुकानात होतं म्हणून 33 × 33 × 26 चं उचललं, तर 5.66 किलोचे पैसे भराल. बरणी एवढी जड असताना अगदी घट्ट, लहान खोकं घेऊनही काही वाचत नाही, उलट गादीला जागा उरत नाही.

आता ही जागा कशी वापरायची ते बघा. बरणी साडेआठ सेंमी रुंद आणि 13 सेंमी उंच धरते. प्रत्येक बरणीला बबल रॅपचे दोनच वेढे द्या, तळ आणि झाकणही झाकलं पाहिजे. तिसरा वेढा देऊ नका, ते पैसे वाया जातात. मग जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, 22 सेंमी लांब आणि 15 उंच. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील अशा कापा, आडव्या कापल्या तर पट्टी दबते. दोन्हींना मधोमध अर्ध्या उंचीपर्यंत चीर द्या आणि एकमेकींत अडकवून अधिकचं चिन्ह करा. चार खणांत चार बरण्या बसवून बाहेरून टेपचा वेढा मारला की एकच ठोकळा तयार होतो. दोन काचा एकमेकींवर आपटणं हे फुटण्याचं एक मोठं कारण, ते इथेच संपतं.

खोक्याच्या तळाला वर्तमानपत्राचे बोळे टाका. हाताने दाबल्यावरही 5 सेंमी उरले पाहिजेत. त्यावर पुठ्ठ्याचा सपाट तुकडा ठेवा, नाहीतर बरण्यांचा भार बोळ्यांत रुततो. मग ठोकळा मधोमध ठेवा. चारही बाजूंना अडीच-अडीच आणि वर साधारण तीन सेंमी जागा राहील, ती बोळ्यांनी ठासून भरा. खोक्याची झाकणं लावताना थोडा दाब द्यावा लागला म्हणजे भरण बरोबर झालं. हलवून पाहा, आत काहीही सरकता कामा नये.

आपल्याकडे सोयाबीनचं भुसकट ढिगाने मिळतं म्हणून ते भरायचा मोह होतो. भरू नका. गाडीच्या हादऱ्यांनी ते खाली बसतं, वरची जागा रिकामी होते आणि बरणी उसळून झाकणाशी फुटते. शिवाय ओल आणि किडे, आणि आपला माल खाण्याचा.

खोकी मेडिकल किंवा किराणा दुकानातून जुनी घेतली तरी चालतील, पाच पदरी बघून घ्या. कोपरे अंगठ्याने दाबा. मऊ लागले तर ते खोकं पट्ट्या कापायला ठेवा. टेप लावण्याआधी पुठ्ठ्यावरची धूळ पुसा, धुळीवर चिकटवलेली टेप आपल्या उन्हाळ्यात सुटते. मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर, वर-खाली दोन्हीकडे लावा.

तेल गळलं की पुठ्ठ्याचा जोर जातो आणि न फुटलेली बरणीही धोक्यात येते. म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरू नका, एक-दीड सेंमी जागा सोडा. झाकणाभोवती टेप फिरवा आणि बबल रॅपच्या आधी बरणी पिशवीत बंद करा. ‘ही बाजू वर’ या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका, खोकं आडवं पडणार असंच धरून चाला.

बांधणी पक्की करण्याआधी बरण्यांत पाणी भरून एक खोकं तयार करा आणि 76 सेंमीवरून, म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून, टाका. एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याच्या तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर, असं दहा वेळा. फुटलं तर उघडून बघा. तळ तडकला असेल तर खालचे बोळे कमी पडले. दोन बरण्यांच्या समोरासमोरच्या बाजू फुटल्या तर पट्टी दबली. गळा तुटला तर वर जागा राहिली. ग्राहकाकडे फुटलं तरी हेच बघायचं, म्हणून त्यांनी खोकं फेकून देण्याआधी आतला फोटो मागवून घ्या आणि तेवढीच जागा दुरुस्त करा.