एका गल्ल्यात दोन धंदे

प्रश्न : २००६ पासून कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि सायबर कॅफेचं दुकान आहे. तेव्हा आठ संगणक होते, आता दोन. सगळं फोनवर व्हायला लागल्यापासून धंदा मेला. दिवसाला जेमतेम शंभर-दीडशे झेरॉक्स आणि दहा-बारा कलर प्रिंट निघतात. साडेतीन लाखांचं नवं कलर मशीन कर्जावर घ्यायचा विचार आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने एमपीएससी करावी असं मला वाटतं, पण दुकानच चालवायचा तिचा हट्ट आहे. जूनमध्ये दिवसाला पाच-सहा फॉर्म भरते, शंभर रुपये घेते आणि एकेका गिऱ्हाइकाला अर्धा तास धरून बसते. मागे एका मुलाची शिष्यवृत्ती भलत्याच बँकेत गेली होती. ती शोधायला तासभर घालवला, घेतले पन्नास रुपये, आणि तोवर झेरॉक्सवाले निघून गेले. तिला समजावून सांगा.
— एक दुकानदार, जि. सोलापूर

उत्तर : मेलेल्या दुकानात साडेतीन लाखांचं मशीन आणायला तुम्ही तयार आहात, पण मुलीला तिथे बसू द्यायला नाही. याचा अर्थ दुकान मेलंय हे तुम्हालाही मनातून पटलेलं नाही. तुमच्या जागी मुलगा असलेला बाप असता, तर त्याने हेच पत्र 'धंदा पुढे कसा न्यावा' असं विचारत लिहिलं असतं. तिच्या म्हणण्याला तुम्ही 'हट्ट' म्हणता. साडेतीन लाखांना मात्र 'विचार' म्हणता. मला तरी त्यातला विचार तिचाच जास्त वाटला.

एमपीएससीचं एका वाक्यात सांगते. पदवी झाली की राज्यसेवा किंवा संयुक्त परीक्षेचा अर्ज भरता येतो, आणि तिला स्वतःला हवं असेल तरच भरावा. बापाचं दुकान मंदावलं म्हणून दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत काढलेली मुलं माझ्याकडे नंतर येतात. त्यांच्याशी बोलताना मला फार जड जातं.

आता तुमच्या गैरसमजाकडे वळू. 'सगळं फोनवर व्हायला लागलं' हे अर्धंच खरं आहे. फोनने तुमचं एक काम नेलं : निकाल पाहणं, मेल उघडणं, सातबारा किंवा हॉलतिकीट डाउनलोड करणं. तेव्हा लोक तुमच्याकडे इंटरनेट विकत घ्यायला येत होते, आणि ते गिऱ्हाईक परत येणार नाही. पण अर्ज फोनवर आले म्हणून ते सोपे झाले नाहीत. आधी कॉलेजातला क्लार्क चूक दाखवून कागद परत करायचा. आता चूक तशीच आत जाते, दोन महिन्यांनी 'त्रुटी' म्हणून बाहेर येते आणि तोवर मुदत संपलेली असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एक, आधारवर दुसरं. फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चलाच संपलाय. तुमची मुलगी या चुका आधीच पकडते. तुमच्या दुकानात अजून खपतोय तो हाच माल.

त्या शिष्यवृत्तीचंच घ्या. महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, पैसे दिल्याची नोंदही असते, पण पासबुकात काही येत नाही. मग मुलगा कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालतो. खरी गोष्ट अशी की आधारवरून येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं, त्या खात्यात ते जातात. शाळेत असताना कुठल्या तरी शिबिरात शून्य शिलकीचं खातं उघडलेलं असतं, आधार तिथे जोडलेलं असतं आणि घरात कुणाला आठवतही नाही. माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की बँकेचं नाव दिसतं. बघायला दोन मिनिटं लागतात, पण कुठे बघायचं हे माहीत असावं लागतं. त्या मुलाची शिष्यवृत्ती सापडली आणि तुम्ही हिशेब धरला चुकलेल्या झेरॉक्सचा!

तो हिशेबही करू. झेरॉक्सचे दोन रुपये घेत असाल, तर कागद, टोनर, ड्रम आणि दुरुस्ती जाऊन हातात साधारण रुपया उरतो. म्हणजे दिवसाचे शंभर-दीडशे. ती सहा फॉर्म भरते त्याचे सहाशे होतात, आणि त्यात कागद किती जातो? एकाच गल्ल्यात दोन धंद्यांचे पैसे पडतात, म्हणून तुम्हाला हे दिसत नाही. हे दिवस जून ते सप्टेंबरचे, हेही खरं. हिवाळ्यात तिचं टेबल ओस पडेल. नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांचे हयातीचे दाखले येतील, पण तेवढ्याने भागणार नाही. तिथे तिचं बी.कॉम. कामाला येईल. तुमच्या रस्त्यावरच्या दहा दुकानदारांची जीएसटीची बिलं लिहून रिटर्न वेळेवर भरून देणं हे बारमाही काम आहे. त्यासाठी तिने आधी चार-सहा महिने एखाद्या करसल्लागाराकडे बसून हात बसवावा.

मशीनवाल्या एजंटला मात्र थांबवा. साडेतीन लाख, १२ टक्के व्याज, चार वर्षं, म्हणजे महिन्याला सव्वानऊ हजारांचा हप्ता. कलर प्रिंटमागे पाच रुपये सुटतात असं धरलं, तर नुसत्या हप्त्यासाठी रोज सत्तर प्रिंट हव्यात. तुमच्याकडे निघतात दहा-बारा. उरलेल्या साठ कोण काढणार? एजंट काढणार नाही.

तिच्या कामात धोका नाही असं नाही. घाईच्या वेळी बरेच दुकानदार ओटीपी पटकन मिळावा म्हणून गिऱ्हाइकाच्या अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर टाकतात. पुढच्या वर्षी तो नंबर बंद होतो आणि मुलाला स्वतःच्याच अर्जात शिरता येत नाही. नंबर आणि ईमेल गिऱ्हाइकाचाच हवा, पासवर्डही त्याच्याच वहीत लिहून द्यायचा. संगणकावर पडलेली लोकांची आधारकार्डं रोज संध्याकाळी पुसा. प्रिंटसाठी येणाऱ्या फाइली व्हॉट्सॲपवर घ्याल, तर तिथे २४ तासांत मेसेज आपोआप जाण्याची सोय चालू ठेवा. आणि संगणक दोनच उरले तरी सायबर कॅफेचे २०११ चे नियम सुटत नाहीत. वापरणाऱ्याचं ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करायची आणि ती वर्षभर जपायची. ही वही तुमच्याकडे आहे का, ते आजच बघा.

मुलीला समजावायला तुम्ही मला सांगितलंत, पण मी तुम्हालाच समजावतेय. येत्या जूनपासून दोन वह्या करा, एक झेरॉक्सची आणि एक फॉर्मची. टेबलंही वेगळी करा. प्रिंटचं टेबल तुम्ही सांभाळा, म्हणजे रांग खोळंबणार नाही आणि तिच्या अर्ध्या तासात कुणी लुडबुड करणार नाही. दराची पाटी तिला लावू द्या. साधा फॉर्म शंभर, अडकलेलं काम शोधून देण्याचे दोनशे, आणि काम न सापडल्यास पैसे नाहीत. फॉर्मच्या वहीतला ठरलेला वाटा तिच्या नावच्या खात्यात दरमहा भरा. घरच्या पोरीला कसला पगार, असं म्हणालात तर ती उद्या दुसऱ्याच्या दुकानात जाईल, आणि मी तिला जा म्हणेन.

सप्टेंबरअखेर दोन्ही वह्यांची बेरीज मला कळवा. पुढचं पत्र मात्र तिला लिहायला सांगा.