वेताच्या खुर्चीची बैठक: चार पट्ट्या बदलाव्या की सगळी विणावी?

प्रश्न: आजोबांच्या वेताच्या खुर्चीची बैठक खाली गेली आहे आणि पुढच्या कडेला चार-पाच पट्ट्या तुटल्या आहेत. तेवढ्याच बदलता येतील का? विणणारा म्हणतो, प्लॅस्टिकचं विणून घ्या, वेत आता टिकत नाही.

उत्तर:

सगळी विणा. बैठकीच्या मधोमध एखादी पट्टी तुटली असती तर वेगळं सांगितलं असतं. पुढच्या कडेला चार-पाच एकदम तुटल्या म्हणजे तिथल्या बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत. त्यांचं वय तेवढंच, त्यांच्यावर मांड्यांचा भार तेवढाच. शिवाय जुन्या कोरड्या पट्ट्यांमधून नवी पट्टी ओढताना शेजारच्या दोन कटकन जातात. खात्री करायची असेल तर तुटलेल्या पट्टीचं टोक अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि बोटाभोवती वाकवा. भिजूनही मोडलं तर वेत मेलाय.

नुसती सैल पडलेली, पण अखंड बैठक मात्र उसवू नका. वेताची वरची चकचकीत साल पाणी घेत नाही, खालची बाजू घेते. म्हणून खुर्ची उलटी करून खालून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल अर्धा तास ठेवायचा आणि पूर्ण एक दिवस कुणाला बसू द्यायचं नाही. भिजलेला वेत वाळताना आखडतो आणि बैठक ताठ होते. पंधरा दिवसांत ती पुन्हा खाली गेली तर मात्र उपाय संपला.

आता विणणाऱ्याचं म्हणणं. 'वेत टिकत नाही' हे वाक्य मला अजिबात पटत नाही. पट्टी बहुतेक वेळा तुटते ती चौकटीतल्या भोकाच्या धारेवर, कारण जुनी बैठक काढल्यावर ती धार कुणी घासत नाही. लाकडाच्या तीक्ष्ण कडेवर पट्टी रोज वाकते आणि तिथेच चिरते. जुना वेत कापून काढल्यावर भोकांतले तुकडे खालून खिळ्याने ठोकून बाहेर काढा (ड्रिल लावू नका, भोक मोठं होतं) आणि प्रत्येक भोकाची आतली धार सँडपेपरने गोल करा. तासाभराचं काम आहे, तेवढंच टाळलं जातं. चौकटीचे सांधे हलत असतील तर तेही आत्ताच डिंक लावून घट्ट करा, विणल्यावर सांधे आवळायला शिकंजा लावता येत नाही.

पट्टीची रुंदी भोकांमधल्या अंतरावरून ठरते. अंतर अर्धा इंच असेल तर सव्वादोन मिलिमीटरची पट्टी. बैठक १६ बाय १६ इंच धरली तर साधारण ९० मीटर पट्टी लागते आणि कडेची भोकं झाकायला रुंद पट्टी वेगळी, दोन मीटर लांब. पट्टी वीस-तीस मिनिटं भिजवायची, त्याहून फार नको, आणि चकचकीत बाजू कायम वर.

आधी मागून पुढे उभ्या पट्ट्या, मग त्यांच्यावर आडव्या, मग पुन्हा त्याच भोकांतून उभ्या, पहिल्या उभ्यांच्या किंचित उजवीकडे. इथपर्यंत विणकाम नाहीच, एकावर एक थर आहेत. चौथ्या फेरीत पट्टी पुन्हा आडवी जाते, पण तिसऱ्या फेरीच्या उभीवरून आणि पहिल्या फेरीच्या उभीखालून. इथून बैठक घट्ट होत जाते. म्हणून पहिल्या तीन फेऱ्या फार ताणू नका. नवशिक्या तिथेच जोर लावतो आणि पाचव्या फेरीला पट्टी आत शिरतच नाही.

पाचवी तिरपी: आडव्या जोडीवरून, उभ्या जोडीखालून. सहावी उलट दिशेने आणि उलट क्रमाने. क्रम बरोबर असेल तर पट्टी जोड्यांच्या कोपऱ्यांत सहज सरकते. खरखरत अडकत असेल तर चुकलंय, लगेच मागे या. कोपऱ्यांच्या भोकांत दोन-दोन तिरप्या येतात. एकच घेतली तर कडेची नक्षी बिघडते. टोकं खाली शेजारच्या पट्टीच्या वेढ्याला गाठ मारून अडकवायची आणि शेवटी रुंद पट्टीने भोकं झाकायची.

प्लॅस्टिक पाणी पीत नाही, म्हणून वाळून आखडतही नाही. सैल पडलं की ते सैलच राहतं, टॉवेलचा उपाय त्याला चालत नाही. हां, खुर्ची पावसाच्या झडीत बाल्कनीत राहणार असेल तर प्लॅस्टिकच विणा, तिथे वेताला बुरशी धरते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: बैठकीची कड वरून आणि खालून पाहा. सभोवार भोकं नसून खाच आणि तिच्यात ठोकलेली दोरीसारखी पट्टी दिसली, तर ती तयार विणलेली जाळी आहे. तिथे वरचं विणकाम लागू नाही. खाचेतली पट्टी काढून, भिजवलेली नवी जाळी तिच्यात ठोकून बसवायची.