ईटीएफच्या चार्टवरची 9:15 ची लांब विक आणि तुमचे तीन लाख

प्रश्न: "सर, मिडकॅप 150 च्या एका ईटीएफमध्ये 3 लाख एकरकमी टाकायचेत, दहा वर्षांसाठी. चार्ट बघितला तर बऱ्याचदा 9:15 ला भाव 3-4% खाली जाऊन लगेच वर येतो. तिथे जीटीटी लावून स्वस्तात घेऊ का? की सरळ सकाळी उघडताच मार्केट ऑर्डर टाकू? माझ्याकडे याच ईटीएफचे थोडे युनिट आधीपासून आहेत, त्यांना स्टॉपलॉस लावलाय, तो ठेवू ना?"

तिन्ही गोष्टी नका करू. दहा वर्षांसाठी मिडकॅप घेताय त्याला माझी हरकत नाही, पण ज्या पद्धतीने घ्यायचं म्हणताय त्यात पहिल्याच मिनिटाला दहा-अकरा हजार जाऊ शकतात आणि ते कुठल्याही स्टेटमेंटमध्ये खर्च म्हणून दिसणार नाहीत.

आधी ती विक, म्हणजे चार्टवरच्या कँडलखाली लोंबणारी बारीक रेघ, काय असते ते बघू. चार्टवर दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव, मग तो सौदा 300 युनिटचा असो की तीन लाखांचा. युनिटची खरी किंमत म्हणजे आतल्या 150 शेअर्सची त्या क्षणाची किंमत, ती फंड हाऊसच्या वेबसाइटवर iNAV म्हणून दिवसभर दिसते आणि इक्विटी ईटीएफमध्ये ती जास्तीत जास्त 15 सेकंद मागे असावी असा सेबीचा नियम आहे. भाव या आकड्याजवळ ठेवायचं काम मार्केट मेकरचं, म्हणजे खरेदी-विक्रीचे भाव सतत लावून ठेवणाऱ्याचं. पण 9:15 ला त्याच्याही हातात पक्कं काही नसतं, 150 मिडकॅप शेअर्सचे भाव तेव्हा स्थिर व्हायचे असतात, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं तो एक तर लांबलांबचे भाव लावतो नाहीतर थांबतो. तेवढ्यात कोणीतरी मार्केट ऑर्डरने विकतो, समोर नीट खरेदीदार नसतो, आणि सौदा खाली कुठेतरी कोणी लावून ठेवलेल्या बोलीवर जाऊन होतो. झाली विक तयार.

ही विक खरी की नुसती पातळ व्हॉल्यूमची, ते तपासणं सोपं आहे. एक मिनिटाचा चार्ट लावा, त्या कँडलखालचं व्हॉल्यूम बघा आणि शेजारी मिडकॅप 150 इंडेक्सचा त्याच मिनिटाचा चार्ट ठेवा. इंडेक्स अर्धा टक्काच हललाय आणि ईटीएफ 4% खाली जाऊन आलाय, तर बाजार पडलेलाच नव्हता. अशा लो वरून सपोर्टची रेष मारण्यात काही अर्थ नाही, आणि बऱ्याच ईटीएफच्या चार्टवर "52 आठवड्यांचा नीचांक" म्हणून असलाच एखादा सौदा बसलेला असतो.

आता तुमची मार्केट ऑर्डर. समजा iNAV 21.40 आहे आणि तुम्हाला 14,000 युनिट हवेत, म्हणजे साधारण तीन लाखांचे. 9:15 वाजून पाच सेकंदांनी समोर विकणारे असे आहेत: 21.45 ला 1,200 युनिट, 21.60 ला 900, 22.05 ला 3,000 आणि मग थेट 22.40 ला उरलेले. मार्केट ऑर्डर भाव विचारत नाही, ती एकेक पायरी खात वर जाते. तुमचे एकूण 3,10,690 रुपये जातील आणि हातात येईल 2,99,600 चा माल, म्हणजे 11,090 रुपये प्रीमियम, जवळपास 3.7%. आपण एक्स्पेन्स रेशो 0.05% कमी कुठे मिळतो ते शोधत बसतो आणि इथे एका क्लिकमध्ये कित्येक वर्षांचा एक्स्पेन्स रेशो एकदम भरून टाकतो! काही ब्रोकर मार्केट ऑर्डरला भावाची मर्यादा घालतात, पण त्या भरवशावर राहू नका. हाच ईटीएफ पावणेदहा-दहाला बघा, मार्केट मेकर आलेला असतो, खरेदी 21.37, विक्री 21.41 आणि त्या भावाला हजारोंनी युनिट. तेव्हा 14,000 युनिटला iNAV पेक्षा जास्त जातात फक्त 140 रुपये.

जीटीटीचं म्हणाल, म्हणजे ठरावीक भाव आला की आपोआप जाणाऱ्या ऑर्डरचं, तर तिथे दोन अडचणी आहेत. जीटीटी शेवटच्या सौद्याच्या भावावर ट्रिगर होते, म्हणजे 20.55 ला एक सौदा झाला की मग तुमची 20.60 ची ऑर्डर एक्सचेंजला जाते, तोवर भाव परत 21.36 वर आलेला असतो आणि तुमची ऑर्डर तशीच पडून राहते. बरं, जीटीटी न करता रोज सकाळी साधी लिमिट ऑर्डर लावली तरी त्या विकमध्ये मिळून मिळून काही शे युनिट मिळतील. सगळे 14,000 कधी मिळतील? बाजार खरोखर 4% पडला की, आणि तेव्हा iNAV पण तेवढंच खाली आलेलं असेल, मग स्वस्त काय मिळालं? आणि तो दिवस आलाच नाही तर पैसे सेव्हिंग खात्यात पडून राहणार ते वेगळंच.

स्टॉपलॉस तर आजच काढा. तोही शेवटच्या सौद्यावर ट्रिगर होतो, आणि मार्केट भावाचा असेल तर ज्या पातळ क्षणी तुम्हाला स्वस्तात घ्यायचं होतं त्याच क्षणी तुमचे स्वतःचे युनिट दुसऱ्या कोणाला डिस्काउंटने जातील. दहा वर्षांच्या गुंतवणुकीत 300 युनिटच्या एका सौद्याने तुम्हाला बाहेर काढावं, हे मला अजिबात पटत नाही.

प्रीमियमचं एक वेगळं रूपही सांगून ठेवतो, कारण मिडकॅप घेणारे बरेच जण नंतर नॅस्डॅक 100 च्या ईटीएफकडे वळतात. इथल्या देशी ईटीएफमध्ये प्रीमियम वाढला की मार्केट मेकर शेअर्स देऊन फंड हाऊसकडून नवे युनिट घेतो, ते बाजारात विकतो आणि प्रीमियम आपोआप विरतो. परदेशी इंडेक्सच्या ईटीएफमध्ये हा रस्ताच बंद पडू शकतो, कारण म्युच्युअल फंड उद्योगाला परदेशी गुंतवणुकीसाठी 7 अब्ज डॉलर आणि परदेशातल्या ईटीएफमध्ये पैसे टाकायला वेगळी 1 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरली की नवे युनिट नाहीत आणि प्रीमियम महिनोन्महिने टिकतो. तिथे सकाळचा पहिला अर्धा तास टाळूनही सुटका नाही. 12% प्रीमियमने घेतलं आणि पुढे तो शून्यावर आला, तर इंडेक्स जागचा हलला नाही तरी तुमचे जवळपास 11% गेले.

तर तुमच्या तीन लाखांचं असं करा. पहिला पर्याय, ज्याच्याकडे माझा कल आहे, मिडकॅप 150 चा इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन. दुपारी 3 च्या आत पैसे फंडाकडे पोचले तर त्या दिवसाची एनएव्ही, प्रीमियम-डिस्काउंटची भानगडच नाही, एक्स्पेन्स रेशो थोडा जास्त असेल तर असू दे. ईटीएफच घ्यायचा असेल तर आधी पाच-सहा दिवस दहाच्या सुमारास भाव आणि iNAV शेजारी ठेवून बघा, फरक एरवीच अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त दिसला तर त्याच इंडेक्सचा दुसऱ्या फंड हाऊसचा, जास्त व्हॉल्यूमचा ईटीएफ शोधा. फरक कमी असेल तर दहा ते तीनच्या मधे iNAV च्या एक-दोन पैसे वर लिमिट लावा, चार-पाच तुकडे करा, आणि एखादा तुकडा भरला नाही तर भाव वाढवत त्याच्या मागे धावू नका, दुसऱ्या दिवशी नवीन iNAV बघून परत लावा.