सात सेंटीमीटर, साडेअकरा सेंटीमीटर आणि अठरा हजारांचा कोर्स

ताई, मी 24 वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत आहे. मार्गशीर्षात लग्न ठरलंय. माझं लिंग लहान आहे असं मला नववीपासून वाटतं. हॉस्टेलला असताना कॉमन बाथरूममध्ये सगळ्यांबरोबर कधी आंघोळ केली नाही. आता स्केल घेऊन मोजलं, तर एरवी 7 सेंटीमीटर आणि ताठ झाल्यावर साडेअकरा भरतं. व्हिडिओत दिसतं त्याच्या जवळपासही नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा मोजतो. उंची 5 फूट 7 इंच, वजन 86 किलो. एका ‘गुप्तरोगतज्ज्ञा’ने सांगितलं, की हस्तमैथुनामुळे नस कमजोर झालीय. तेल आणि गोळ्यांचा तीन महिन्यांचा 18 हजारांचा कोर्स दिलाय, पैकी 6 हजार भरलेत. लग्न मोडावं का? तिची फसवणूक होईल असं वाटतं. घरी कुणाशी बोलणार?

— एक वाचक, पुणे

अरे बाबा, लग्न मोडायचं नाही आणि उरलेले 12 हजारही भरायचे नाहीत. एवढं आधी ऐक, मग बाकीचं सावकाश बोलू.

स्केलपासूनच सुरुवात करते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी बघ. तिचा शून्य काठावर नसतो, चार-पाच मिलिमीटर आत असतो. पट्टीची कड अंगाला टेकवून आकडा वाचलास, तर तेवढं तुझ्या हिशोबातून कमी होतं. मोठी चूक मात्र याहून वेगळी आहे. डॉक्टर लांबी मोजतात ती वरच्या बाजूने, आणि पट्टी लिंगाच्या मुळाशी असलेल्या हाडाला लागेपर्यंत चरबीत दाबून. तिथून टोकापर्यंत जे भरेल ती लांबी. पुढची कातडी लोंबत असेल तर ती धरत नाहीत. हाड जागचं हलत नाही, पण त्याच्यावरची चरबी माणसागणिक कमीजास्त असते, म्हणून ही पद्धत. तू नुसती पट्टी टेकवून मोजलं असशील, असं माझं अनुमान आहे. तुझ्या उंचीला 86 किलो म्हणजे ओटीपोटाखाली चरबीची गादी असणार, आणि मुळाकडचा एखाद-दीड सेंटीमीटर तिच्यात बुडालेला असणार. तो गेलेला नाही, झाकलेला आहे. पोट उतरलं की बाहेर दिसायला लागतो. लांबी ‘वाढवण्याचा’ बिनखर्चाचा आणि बिनधोक उपाय विचारशील, तर मला हा एकच ठाऊक आहे.

आता तुझे आकडे कुठे बसतात ते पाहू. 2015 मध्ये लंडनच्या डेव्हिड व्हील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या अभ्यासांतली मोजमापं एकत्र केली, साधारण साडेपंधरा हजार पुरुषांची. त्यांची अट होती, की मोजमाप डॉक्टरने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने घेतलेलं हवं. पुरुषांनी स्वतः कळवलेले आकडे त्यांनी धरले नाहीत, कारण या बाबतीत पुरुष स्वतःला सढळ हाताने माप देतात. निघालेली सरासरी अशी: शिथिल अवस्थेत 9.16 सेंटीमीटर, ताठ अवस्थेत 13.12 आणि ताठ असताना घेर 11.66. ताठ अवस्थेतली मापं त्यातल्या फार थोड्या, म्हणजे सातशेच्या आसपास पुरुषांची आहेत. दवाखान्यात परक्या माणसासमोर ते सगळ्यांना जमत नाही, हे समजण्यासारखं आहे. तरी त्यातून अंदाज पुरेसा येतो. शंभरातले नव्वद पुरुष साधारण साडेदहा ते सोळा सेंटीमीटरच्या दरम्यान येतात.

आपल्याकडचा आकडाही आहे. केरळमधल्या डॉक्टरांनी 2007 मध्ये 301 निरोगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची शिथिल लांबी सरासरी 8.21 सेंटीमीटर होती आणि ज्या 93 जणांची ताठ अवस्थेत मोजली त्यांची 13.01. ताठ लांबी बघितलीस, तर व्हीलच्या आकड्याला जवळजवळ चिकटलेली आहे.

तुझी साडेअकरा, अजिबात न दाबता, आहे तशी धरली तरी शंभर पुरुषांच्या रांगेत तुझ्यामागे पंधरा-सोळा जण उभे राहतात. चरबीखालचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आणि पट्टीची कड मिळवली, की तू तेरा ते साडेतेराच्या घरात येतोस. म्हणजे रांगेच्या मधोमध. मधोमध असलेल्या माणसाने नववीपासून बाथरूमची कडी लावून आंघोळ केली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ते 7 सेंटीमीटर विसरून जा. शिथिल अवस्थेतलं माप दिवसातून दहादा बदलतं. गार पाण्याची आंघोळ, एसी, भीती, धावून आल्यानंतरची वेळ, या सगळ्यांत तिथले स्नायू आवळले जातात आणि लिंग आत ओढल्यासारखं होतं. घाबरून मोजणाऱ्याला ते लहानच दिसणार! 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी 80 पुरुषांची मोजमापं घेतली, तेव्हा शिथिल लांबीवरून ताठ लांबीचा अंदाज बांधता येत नाही असंच आढळलं. एरवी लहान दिसणारं अनेकदा जास्त वाढतं, एरवी मोठं दिसणारं कमी वाढतं. तेव्हा हॉस्टेलच्या बाथरूममधल्या तुलनेला तसाही काही अर्थ नव्हता. त्यात दुसऱ्याचं समोरून दिसतं आणि आपलं वरून. वरून बघताना लांबी आखूडच भासते, त्यात मध्ये पोट आलं तर विचारूच नकोस. एकदा आरशासमोर बाजूने उभा राहून बघ, फरक कळेल. व्हिडिओतल्या पुरुषांची तर मोठं असणं हीच निवड असते, आणि कॅमेरा कुठून लावायचा हे त्या लोकांना नीट कळतं.

तुझ्यासारखे बरेच आहेत, हे मी समजूत घालायला म्हणत नाही. लिंग आखूड आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या 67 पुरुषांना इटलीत फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी तपासलं आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापले. वैद्यकीय निकषाने लहान म्हणावं असं त्यांत एकाचंही नव्हतं. दोनतृतीयांश जणांची तक्रार फक्त शिथिल अवस्थेची होती. सुरुवात कधी झाली विचारलं, तर बहुतेकांनी लहानपणी मित्रांशी केलेली तुलना सांगितली आणि उरलेल्यांनी पौगंडावस्थेत पाहिलेली कामुक चित्रं. तुझी नववी आठव.

मग ‘खरोखर लहान’ कशाला म्हणायचं? सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच अभ्यासाने रेघ अशी आखली: शिथिल 4 सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा ताणून वा ताठ असताना साडेसातपेक्षा कमी, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्याहून लांब असलेलं पण सरासरीपेक्षा बरंच कमी असलेलं लिंग पाहिलं, तर डॉक्टर हार्मोन तपासायला सांगतात. त्यांचा संशय बळावतो तो लांबीच्या जोडीला आणखी काही दिसल्यावर. दाढीमिशा नीट न येणं, वृषण फारच लहान किंवा जागेवर नसणं, वयात येणं लांबलेलं असणं. शरीरसंबंधासाठी म्हणशील, तर योनीचा बाहेरच्या बाजूचा भाग आणि शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, हीच जास्त संवेदनशील जागा, आणि तिथे पोचायला तुझ्याजवळ आहे त्यापेक्षा बरंच कमी पुरतं. 2006 मध्ये छापलेल्या एका मोठ्या ऑनलाइन पाहणीत, 52 हजार स्त्री-पुरुषांच्या, 85 टक्के स्त्रिया जोडीदाराच्या आकाराबद्दल समाधानी होत्या. स्वतःच्या आकाराबद्दल समाधानी पुरुष फक्त 55 टक्के. तू ज्या फसवणुकीची भीती धरून बसलायस, ती मुळात तिच्या बाजूने फारशी अस्तित्वातच नाही.

आता तुझे ते ‘तज्ज्ञ’. हस्तमैथुनाने कुठलीही नस कमजोर होत नाही आणि लिंग लहानही होत नाही. वयात येण्याची वर्षं संपली, की तेल चोळून ते वाढतही नाही. लिंगाचा आकार सुधारतो असा दावा करणारं औषध विकायला आपल्याकडे मनाई आहे. औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करणंही 1954 च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. मुंबई-पुण्याच्या लोकलमार्गावरच्या भिंती वाचल्या तर हा कायदा कुणी ऐकलाय असं वाटत नाही, ते सोड. काळजी मला त्या गोळ्यांची आहे. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, घातलेलं वारंवार सापडलंय. त्याने ताठरता जाणवते, म्हणून गुण आला असं वाटतं. लांबी काही वाढत नाही. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाचा त्याने रक्तदाब इतका उतरू शकतो की जिवावर बेतेल. तुझ्या डब्यावर घटक, बॅच नंबर आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक आहे का बघ. नसला तर डबा वापरू नकोस, पण फेकूही नकोस, पावतीसकट ठेव. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

शस्त्रक्रियेच्या जाहिरातीही तुझ्या फोनवर येत असतील. त्यात लिंगाला हाडाशी धरून ठेवणारा बंध कापतात. त्याने शिथिल असताना एखाद-दोन सेंटीमीटर जास्त बाहेर लोंबतं, ताठ लांबीत भर पडत नाही, आणि ताठ झाल्यावर आधार सुटल्यासारखं डळमळतं. अमेरिकेच्या यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने सामान्य पुरुषावर ही शस्त्रक्रिया सुरक्षित किंवा परिणामकारक मानलेली नाही. पंपाने वेळेपुरती सूज येते, ती उतरते.

मला लांबीपेक्षा तुझं आठवड्यातून चार-पाचदा मोजणं जास्त खुपतंय. मोजल्यावर घटकाभर बरं वाटतं आणि मग शंका दुप्पट होऊन परत येते, हो ना? म्हणून एकदाच, यूरॉलॉजिस्टकडून किंवा एमबीबीएस, एमडी अशी पदवी पाटीवर नीट लिहिलेल्या डॉक्टरकडून माप घे. ‘गुप्तरोग’ हा शब्द असलेली पाटी टाळ. त्या तपासणीत कातडी पूर्ण मागे सरकते का, ताठ असताना फार वाक येतो का, हेही विचारून घे. लग्नाआधी कळलेलं बरं, आणि दोन्हीवर इलाज आहेत. त्यानंतर पट्टी कंपासपेटीत. डॉक्टरांनी ‘नॉर्मल आहे’ म्हटल्यावरही महिनाभराने मोजायची ओढ तेवढीच राहिली, झोप उडाली किंवा तिला भेटणं टाळायला लागलास, तर तो मनाचा विकार असू शकतो. त्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे विचार-वर्तन उपचारपद्धतीने काम होतं, गरज पडली तर गोळ्याही देतात.

तिला काय सांगायचं? आकड्यांतलं काही नाही. लग्नाआधी भेटाल तेव्हा एवढं बोल, की या बाबतीत आपण दोघंही नवे आहोत, घाई करायची नाही आणि न आवडलेलं बोलून दाखवायचं. बहुधा तिच्याही मनात असंच काही साठलेलं असेल, आणि तीही घरी कुणाशी बोलली नसेल.