वाद्यांशिवाय पहिला तास: आधी पाय, मग गाणं

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अर्ध्या तासाचा पाठ आखताना गाणं दोनच ओळींचं घ्या. उदाहरणार्थ, ‘चिऊ बसली झाडावर, पाऊस आला अंगावर’. प्रत्येक ओळीत चार ठोके बसतात: चिऊ, बसली, झाडा, वर.

सुरुवात टाळ्यांनी करू नका. पहिली सात-आठ मिनिटं मुलांना जागच्या जागी पावलं टाकू द्या आणि तुम्ही ओळ नुसती तालात बोला. कारण असं की टाळी देताना मुलं अक्षरं मोजतात. ‘बसली’वर तीन टाळ्या ऐकू आल्या, की समजा ठोका हरवला. पायावर शरीराचा भार असतो, तो इतक्या झटपट बदलता येत नाही, म्हणून पाऊल ठोक्यावरच राहतं. लय फार संथ नको, मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके ठेवा. संथ लयीत लहान मुलांना थांबणं जमत नाही.

मग चाल शिकवा. सा ते प एवढेच स्वर वापरा आणि सा पांढरी दोनच्या जवळ धरा. तुमच्या सोयीच्या खालच्या पट्टीत गायलात तर मुलं गाणार नाहीत, बोलतील. ओळ पूर्ण गाऊन दाखवा, ती गाताना मुलांनी फक्त ऐकायचं, मग त्यांनी म्हणायचं.

टाळी शेवटी जोडा, तीही दोन बोटांनी तळहातावर. पूर्ण टाळीचा आवाज वाढला की लय पळते आणि गाणंही ऐकू येत नाही. तरी पळालीच, तर टाळी थांबवून पुन्हा पावलांवर या.