‘से’च्या पुढचं नाम मोकळं आहे की बांधलेलं?

प्रश्न: स्पॅनिशमधला ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’ असं क्लासमध्ये शिकवलं. मग ‘से आल्किलान पिसोस’ म्हणजे फ्लॅट स्वतःलाच भाड्याने देतात का? आणि तिथे क्रियापद अनेकवचनी, पण ‘से बुस्का आ लोस कुल्पाब्लेस’मध्ये गुन्हेगार अनेक असूनही ‘बुस्का’ एकवचनी. हे कसं?

प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहे. आधी पहिला भाग उरकून घेतो.

‘हुआन से लाबा’ म्हणजे हुआन अंग धुतो. धुणारा हुआन, धुतलं जाणारं अंगही हुआनचंच. हा तुमच्या क्लासमधला ‘से’. त्याची खूण अशी की माणूस बदलला की तोही बदलतो. मी धुतो तेव्हा ‘मे लाबो’, तू धुतोस तेव्हा ‘ते लाबास’, आम्ही धुतो तेव्हा ‘नोस लाबामोस’. शंका आली तर वाक्याच्या शेवटी ‘आ सी मिस्मो’ म्हणजे ‘स्वतःलाच’ जोडून बघा. अर्थ टिकला तर तो स्वतःवाचक.

पाटीवरचा ‘से’ असा बदलत नाही. ‘से आल्किला पिसो’ म्हणजे ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’. त्यातला ‘से’ काढून ‘मे’ घातला तर ‘तो मला फ्लॅट भाड्याने देतो’ असं भलतंच वाक्य तयार होतं. म्हणजे इथला ‘से’ कोणाकडेही बोट दाखवत नाही. तो एवढंच सांगतो की हे करणारा कोणी तरी आहे आणि त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आपल्या पाट्याही हेच करतात. ‘देणे आहे’, ‘काढून मिळतील’, ‘पाहिजेत’ यांपैकी एकातही कर्ता नाही. स्पेनमधल्या झेरॉक्सच्या दुकानावर ‘से आसेन फोतोकोपियास’ असं लिहिलेलं दिसतं. ते मराठीत आणायचं तर ‘झेरॉक्स काढून मिळतील’. ‘झेरॉक्स केल्या जातात’ असं भाषांतर कोणी केलं तर व्याकरण बरोबर असेल, पण अशी पाटी कुठलाही दुकानदार लावणार नाही.

आता त्या ‘आसेन’कडे बघा. झेरॉक्स अनेक, म्हणून ‘आसे’ला ‘न’ लागला. एकच फ्लॅट असेल तर ‘से आल्किला पिसो’, अनेक असतील तर ‘से आल्किलान पिसोस’. फ्लॅट इथे व्याकरणाच्या हिशेबाने वाक्याचा धनी आहे, क्रियापद त्याच्या तालावर चालतं. याला कर्मणी ‘से’ म्हणू. कर्ता झाकलेला असतो आणि कर्म त्याच्या जागी येऊन बसतं.

गुन्हेगारांच्या वाक्यात हे होत नाही. का होत नाही, ते मराठीतून बघू.

पोलिसांनी चोर पकडले.
पोलिसांनी चोरांना पकडलं.

चोर तेच, पोलीस तेच. पहिल्या वाक्यात ‘पकडले’ चोरांच्या वचनाप्रमाणे आलं, हा शाळेतला कर्मणी प्रयोग. दुसऱ्यात चोरांना ‘ना’ लागला आणि क्रियापदाने त्यांच्याशी संबंध तोडला. चोर एक असो की दहा, ते ‘पकडलं’ असंच राहतं, नपुंसकलिंगी एकवचनी. हा भावे प्रयोग. शाळेत आपण हा तक्ता पाठ केला आणि विसरलो, पण बोलताना मात्र कोणी चुकत नाही.

स्पॅनिशमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त ‘ला/ना’च्या जागी ‘आ’ आहे. ‘से आल्किलान पिसोस’मध्ये नाम मोकळं आहे, म्हणून क्रियापद त्याच्याशी जुळलं. ‘से बुस्का आ लोस कुल्पाब्लेस’मध्ये नाम ‘आ’ने बांधलेलं आहे, म्हणजे ‘गुन्हेगारांना शोधताहेत’. बांधलेल्या नामाशी क्रियापद जुळू शकत नाही, मग ते आपल्या सवयीच्या रूपात, तृतीयपुरुषी एकवचनात थांबतं. हा अकर्तृक ‘से’.

हा ‘आ’ लागतो कधी? साधारणपणे ठरावीक, ओळखीच्या माणसांना. मराठीत ‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिलं’ यांत जो फरक आपल्याला सहज जाणवतो, त्याच जातीचा हा फरक आहे. हॉटेलच्या काचेवर ‘से बुस्कान कामारेरोस’ असं लिहिलेलं असतं. ‘वेटर पाहिजेत’, कोणीही चालतील, म्हणून ‘आ’ नाही आणि क्रियापद अनेकवचनी. उद्या त्याच हॉटेलातले दोन वेटर गल्ला घेऊन पळाले तर बातमीत येईल ‘से बुस्का आ लोस कामारेरोस’. आता ते ठरावीक दोघे आहेत, ‘आ’ लागला, आणि ‘बुस्कान’चं ‘बुस्का’ झालं. ‘न’ आहे की नाही एवढ्यावरून नोकरी आहे की पोलीस केस, ते कळतं.

माणसांसाठीच हा वेगळा बंदोबस्त का लागला, ते समजलं की तिन्ही ‘से’ एका रांगेत उभे राहतात. फ्लॅट स्वतःला भाड्याने देऊ शकत नाही, म्हणून ‘से आल्किलान पिसोस’मध्ये गोंधळाला जागाच नाही. माणूस मात्र स्वतःवर आणि एकमेकांवर क्रिया करू शकतो. ‘लोस बेसिनोस से आयुदान’ हे वाक्य घ्या. ‘बेसिनोस’ म्हणजे शेजारी, ‘आयुदार’ म्हणजे मदत करणे. स्पॅनिश माणूस हे वाचून लगेच म्हणेल, शेजारी एकमेकांना मदत करतात. ‘शेजाऱ्यांना मदत केली जाते’ असा कर्मणी अर्थ काढायला त्याचं मन तयार होत नाही, कारण माणसं समोर दिसली की स्वतःवाचक ‘से’ आधी पुढे येतो. मग मदत बाहेरून कोणी करत असेल तर सांगायचं कसं? ‘से आयुदा आ लोस बेसिनोस’. ‘आ’ लावला की शेजारी कर्त्याच्या जागेवरून खाली उतरतात आणि एकमेकांना मदत करण्याचा अर्थ संपतो. जुन्या स्पॅनिशमध्ये माणसांसाठीही ‘आ’शिवाय अनेकवचनी रूप वापरत असत आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून अर्थ लावावा लागे. ‘आ’ची रचना रुळली ती ही अडचण दूर करण्यासाठी. मला या इतिहासाचं फार अप्रूप वाटतं. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये ‘बांधलेलं कर्म’ वेगवेगळ्या वाटांनी आलं, पण दोन्हीकडे क्रियापदाने त्याच्यापुढे सारखीच माघार घेतली.

साम्य इथपर्यंतच ओढावं. मराठीत हा प्रकार मुख्यतः भूतकाळात दिसतो, स्पॅनिशमध्ये सगळ्या काळांत. शिवाय आपल्या वाक्यात ‘पोलिसांनी’ राजरोस उभे असतात. स्पॅनिशमध्ये अकर्तृक ‘से’बरोबर कर्ता येतच नाही, आणि कर्मणी ‘से’बरोबरही ‘अमक्याकडून’ हे जोडलेलं कानाला खटकतं. कर्ता सांगायचाच असेल तर सरळ वाक्य करायचं.

तुम्हाला स्वतःला ताळा करायचा असेल तर नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. ‘से आल्किलान लोस पिसोस’मधले फ्लॅट काढले तर नुसतं ‘से आल्किलान’ उरतं, कारण कर्ता गाळता येतो. ‘से बुस्का आ लोस कुल्पाब्लेस’मधले गुन्हेगार काढले तर ‘से लोस बुस्का’ म्हणावं लागतं, पुष्कळ ठिकाणी ‘से लेस बुस्का’. म्हणजे ‘त्यांना शोधताहेत’. तिथे ‘त्यांना’ लागलं याचा अर्थ गुन्हेगार शेवटपर्यंत कर्मच होते. (‘से लो दी’, म्हणजे ‘मी ते त्याला दिलं’, यातला ‘से’ मात्र या घराण्यातला नाहीच. तो ‘ले’चा बदललेला उच्चार आहे, त्याला या चर्चेतून बाजूला ठेवा.)

चुका कुठे होतात? एक चूक स्पॅनिश लोकही करतात: ‘से बुस्कान आ लोस कुल्पाब्लेस’. ‘आ’ही लावला आणि क्रियापदही अनेकवचनी केलं. ऐकताना ‘लोस कुल्पाब्लेस’ हे अनेकवचन कानात घुमत असतं, त्यामुळे ‘न’ आपसूक लागतो. प्रमाण भाषेत हे चूक धरतात. मराठीत ‘पोलिसांनी चोरांना पकडले’ अशी एकारान्त रूपं छापलेली दिसतात, पण तिथला ‘ले’ अनेकवचनी नसून ‘लं’चंच लेखी रूप असतो. स्पॅनिशमध्ये अशी पळवाट नाही. उलट बाजूची चूक म्हणजे ‘फ्लॅट विकणे आहेत’साठी ‘से बेन्दे पिसोस’. अशा पाट्या खऱ्याखुऱ्या दिसतात, पण नीट लिहिणारा ‘से बेन्देन पिसोस’ लिहील.

आणि बांधणारा शब्द फक्त ‘आ’च असतो असं नाही. ‘से आब्ला दे लोस प्रेसिओस’, म्हणजे किमतींबद्दल बोललं जातं. किमती अनेक, पण त्या ‘दे’ने बांधल्या आहेत, म्हणून ‘आब्ला’ एकवचनी. ‘से त्राता दे’ म्हणजे ‘प्रश्न अमक्याचा आहे’. पुढे काहीही आलं तरी ते कायम एकवचनी राहतं, आणि ‘से त्रातान दे’ लिहिलं की मास्तरांची लाल रेघ ठरलेली. जिथे कर्मच नाही तिथेही हेच: ‘आकी से बीबे ब्येन’, इथे छान जगता येतं. जुळायला कोणी नाही, क्रियापद एकवचनी.

राहता राहिली एक अडचण, जी पाट्यांवर नाही पण बोलताना भेटते. ‘आकोस्तार्से’ म्हणजे आडवं होणं, झोपायला जाणं. या क्रियापदाला स्वतःचा ‘से’ आधीच चिकटलेला आहे. आता ‘इथे लोक उशिरा झोपतात’ हे अकर्तृक करायचं तर दोन ‘से’ शेजारी यायला हवेत, आणि ‘से से’ स्पॅनिशला अजिबात चालत नाही. मग एक ‘से’ जागा सोडतो आणि ‘उनो’ येतो: ‘आकी उनो से आकुएस्ता तार्दे’. ‘उनो’ म्हणजे ‘एक’, पण अर्थ अगदी आपल्या ‘माणूस’सारखा, जसं आपण म्हणतो ‘इथे माणूस उशिराच झोपतो’. बोलणारी बाई असेल आणि स्वतःला धरून बोलत असेल तर ‘उना’ही म्हणते.